छाती कोरडी, मान लुळी

2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करणारे शेकडो मजूर आणि शेतकरी विषबाधा होऊन दवाखान्यांत पोचले. वीसहून अधिक जण दगावले. खालचा घटनाक्रम त्यांपैकी कुणा एकाचा नाही. ऑरगॅनोफॉस्फेट गटातलं कीटकनाशक अंगात कातडीवाटे भिनलं, की दुखणं ज्या क्रमाने पुढे सरकतं, त्यावरून तो रचला आहे. मजूर 34 वर्षांचा धरला आहे.

पहिला दिवस, सकाळी 7.20
बांधावर 16 लिटरचा बॅटरीचा पंप. मोनोक्रोटोफॉसच्या बाटलीवर लाल त्रिकोण आहे; भारतात हा सर्वाधिक विषारी गटाचा रंग. औषध झाकणाने मोजून ओततात आणि काडीने ढवळतात. काडी सापडली नाही, म्हणून आज हाताने. हातमोजे नाहीत. नाकातोंडाला दुपट्टा बांधलेला.

सकाळी 9.30
यंदा पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली आहे. नोझल खांद्याच्या उंचीवर धरावं लागतं, तुषार चेहऱ्यावर आणि छातीवर येतात. वारा फिरला आहे. दिशा बदलायची तर तास अर्धवट सोडून पलीकडच्या टोकाला जावं लागेल. तो तसाच पुढे जातो. शर्ट पाठीला चिकटला आहे. घामेजलेल्या, तापलेल्या कातडीतून औषध कोरड्या कातडीपेक्षा लवकर आत शिरतं.

सकाळी 11.15
डोकं दुखतं. समोरचं धूसर दिसतं. शेतमालकाला तो म्हणतो, "भाऊ, डोयाले अंधारी येऊन राह्यली." ऊन आहे, पाणी पी, असं उत्तर मिळतं. उत्तरात खोट नव्हती; त्या दिवशी ऊन खरंच होतं.

मज्जातंतूचा निरोप स्नायूपर्यंत किंवा ग्रंथीपर्यंत अ‍ॅसिटिलकोलिन नावाचं रसायन पोचवतं. काम झालं की एक विकर त्याचे लगेच तुकडे करतं आणि निरोप थांबतो. कीटकनाशक या विकरालाच जखडून टाकतं. मग अ‍ॅसिटिलकोलिन साचत राहतं आणि दाबून धरलेल्या बेलसारखा निरोप वाजतच राहतो. बाहुली आकसते, लाळ, घाम आणि फुप्फुसातला स्राव वाढतो, नाडी मंदावते. अळी मरते तीही याच वाटेने.

दुपारी 12.30
भाकरी. हात नुसत्या पाण्याने धुतले, साबण नव्हता. निम्मं शेत राहिलं आहे. संध्याकाळी पाऊस आला तर औषध वाया जाईल, म्हणून तो पंप पुन्हा पाठीला लावतो. पंपाच्या टोपणातून गळणारं पाणी कमरेपर्यंत ओघळतं.

दुपारी 2.40
दोन उलट्या. तोंडातून सतत लाळ, पोटात मुरडा. दंडाची कातडी आतून फडफडते. तो बांधावर बसतो.

दुपारी 3.30
घर. तो खाटेवर आडवा होतो. भिजलेला शर्ट अंगावरच. फवारणी थांबून तास होत आला; विष आत जायचं थांबलेलं नाही.

सायंकाळी 5.10
गावातला दवाखाना. उलट्या आणि अशक्तपणा पाहून सलाईन आणि उलटीचं इंजेक्शन. नाडी 54. उलट्या-जुलाबांनी अंगातलं पाणी गेलेल्या माणसाची नाडी वेगाने चालते, मंद नाही. बाहुल्यांवर टॉर्च मारला जात नाही. फवारणीला गेला होता का, हेही कुणी विचारत नाही.

सायंकाळी 7.45
ग्रामीण रुग्णालय. इथे प्रश्न विचारला जातो. अ‍ॅट्रोपिनचा एक अँप्यूल, 0.6 मिलिग्रॅम, शिरेतून. 108 ने पुढे रवाना.

रात्री 9.20
मोठं रुग्णालय. नाडी 48. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. छातीत दोन्ही बाजूंना बुडबुडे.

अ‍ॅट्रोपिन विष उतरवत नाही आणि जखडलेलं विकर सोडवतही नाही. ग्रंथी, हृदय आणि श्वासनलिका यांच्यावरच्या ज्या ग्राहकांवर अ‍ॅसिटिलकोलिन बसतं, तिथे ते आधी जाऊन जागा अडवतं. निरोप वाजत राहतो, पण ऐकणारं कुणी उरत नाही. साचलेल्या अ‍ॅसिटिलकोलिनशी टक्कर असल्याने मात्रा पुस्तकातल्या एका आकड्यावर ठरत नाही, समोरच्या छातीवर ठरते. 5 अँप्यूल, म्हणजे 3 मिलिग्रॅम. पाच मिनिटांनी छाती ऐकली, बुडबुडे आहेत. दुप्पट, 10 अँप्यूल. आणखी पाच मिनिटांनी 20. एकूण 21 मिलिग्रॅम.

रात्री 9.40
छाती स्वच्छ. काख कोरडी. नाडी 96. ठिबक सुरू: ताशी 2 मिलिग्रॅम, एकूण मात्रेच्या साधारण दहाव्या भागाइतकं.

रात्री 9.55
कपडे उतरवले जातात. सकाळच्या पहिल्या पंपानंतर साडेचौदा तासांनी प्रथमच. केस, कानामागची कातडी, नखं साबणाने धुतात. विकर सोडवू शकणारं प्रॅलिडॉक्सिमही दिलं जातं. मात्र मोनोक्रोटोफॉसने धरलेल्या विकराची गाठ काही तासांतच पक्की होऊ लागते. मग ती या औषधालाही सुटत नाही.

दुसरा दिवस, सकाळी 8.00
तो नाव सांगतो, गाव सांगतो. नातेवाईक घरी फोन करतात: जिवावरचं टळलं.

दुपारी 4.00
बाहुल्या मोठ्या, छाती कोरडी. जीभही कोरडी पडली आहे, थोडी बडबड आहे. अ‍ॅट्रोपिन जरा जास्त होत असल्याची ही खूण. ठिबक कमी केलं जातं. निर्णय बरोबर आहे.

रात्री 10.30
बायको पाणी पाजते. त्याला उशीवरून मान उचलता येत नाही, म्हणून ती मानेखाली हात घालते. आवाज नाकातून येतो. नर्सला ती सांगते, "मान धरत नाही यायची." थकवा असेल, असं सगळ्यांना वाटतं.

या गटाच्या विषबाधेत साधारण 24 ते 96 तासांच्या दरम्यान स्नायू लुळे पडण्याचा दुसरा टप्पा येतो. स्नायूंवरचे ग्राहक वेगळ्या जातीचे असतात आणि अ‍ॅट्रोपिन त्यांना शिवतही नाही. ते निरोपांच्या माऱ्याने थकून प्रतिसाद देणं सोडतात. सुरुवात बहुधा मानेपासून होते, पुढे श्वासाचे स्नायू. तपासायला यंत्र लागत नाही: मान उशीवरून उचलून काही सेकंद धरायला सांगायची. हा 39 वा तास होता. तक्त्यात नाडी, बाहुल्या आणि छाती यांचे रकाने होते. मानेचा नव्हता.

तिसरा दिवस, मध्यरात्रीनंतर 1.15
श्वास मिनिटाला 30, उथळ. बोटावरचं यंत्र 96 दाखवतं, कारण नाकाला ऑक्सिजन लावलेला आहे. श्वास अपुरा पडून रक्तात साठणारा कार्बन डायऑक्साइड त्या यंत्राला दिसत नाही.

पहाटे 3.40
हाकेला ओ नाही. यंत्रावर 78.

पहाटे 3.55
घशात नळी. हाताच्या पिशवीने श्वास. व्हेंटिलेटर दुसऱ्या वॉर्डातून आणायला माणूस धावतो.

पहाटे 4.10
हृदय थांबतं. छातीवर दाब सुरू.

पहाटे 4.50
मृत घोषित. 1.15 ची नोंद अशी: नाडी 104, बाहुल्या मोठ्या, छाती स्वच्छ. अ‍ॅट्रोपिनची मात्रा तोवर अचूक होती.