आधी चमक, मग ठणका : अर्धशिशीतील ऑराचा कालक्रम

१. लक्षणांचा क्रम

समजा, निजामपुऱ्यातल्या एका यंत्रमाग कारखान्यात कारागीर ताण्यातला तुटलेला धागा शोधतो आहे. नजरेच्या केंद्राच्या जरा उजवीकडे त्याला एक बारीक ठिपका पुसल्यासारखा वाटतो. थोड्या वेळाने ठिपक्याला लखलखती, दातेरी कड येते. ती कमानीसारखी उजवीकडे सरकत मोठी होते आणि मागे करडा, आंधळा पट्टा सोडत जाते. सुमारे वीस मिनिटांनी कमान दृष्टीच्या कडेला पोचून नाहीशी होते. मग डोक्याची डावी बाजू ठणकू लागते. ही कमान म्हणजे ऑरा आणि मागून येणारा ठणका म्हणजे अर्धशिशीची डोकेदुखी.

एकेक डोळा झाकून पाहिला तरी कमान दोन्ही डोळ्यांना तशीच दिसते. म्हणजे बिघाड डोळ्यात नाही. उजवीकडचे दृश्य डाव्या मेंदूच्या मागच्या भागातील दृष्टी-कॉर्टेक्समध्ये उमटते, तेव्हा शोध तिथे घ्यायला हवा. प्रश्न दोन आहेत. कमान इतकी सावकाश का सरकते? आणि दुखणे तिच्या मागून का येते?

२. कमानीचा वेग

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल लॅशली यांना स्वतःलाच असे झटके येत. दृष्टीतला आंधळा भाग कसा वाढतो, याची चित्रे ते झटका चालू असतानाच काढत. कॉर्टेक्सवर या भागाची जागा कोणती हे ताडून त्यांनी 1941 मध्ये अनुमान मांडले, की काहीतरी विक्षोभ मिनिटाला सुमारे 3 मिलिमीटर वेगाने कॉर्टेक्सवरून सरकत असावा.

1944 मध्ये हार्वर्डमध्ये काम करणारे ब्राझिलियन संशोधक आरिस्टिडेस लेआओ अपस्माराचा अभ्यास करत होते. सशाच्या कॉर्टेक्सला उद्दीपन दिल्यावर त्यांना अपेक्षित झटक्याऐवजी विद्युत्-हालचाल थंडावलेली आढळली, आणि ही शांतता शेजारच्या भागांत पसरत गेली. वेग होता मिनिटाला काही मिलिमीटर, म्हणजे लॅशलींनी काढला होता त्याच पट्टीतला. हीच ‘कॉर्टिकल स्प्रेडिंग डिप्रेशन’ची लाट. दोन्ही वेगांतला मेळ पीटर मिल्नर यांनी 1958 मध्ये दाखवून दिला.

आपल्या कारागिराच्या वीस मिनिटांचा हिशेब यावरून लागतो. नजरेच्या केंद्रासाठी कॉर्टेक्सची मोठी जागा राखलेली असते आणि कडेच्या दृश्याला तुलनेने फारच थोडी. माणसाच्या दृष्टी-कॉर्टेक्सच्या प्रचलित मापनानुसार केंद्रापासून 1 अंशावरून 40 अंशांपर्यंत जायला लाटेला सुमारे 54 मिलिमीटर अंतर कापावे लागते. मिनिटाला 3 मिलिमीटर धरले तर 18 मिनिटे होतात. यातल्या पहिल्या 9 मिनिटांत कमान जेमतेम 7 ते 8 अंशांपर्यंत पोचते. उरलेले सगळे अंतर ती पुढच्या 9 मिनिटांत कापते. रुग्णाला वाटते, की कमान आधी रेंगाळली आणि मग धावली. प्रत्यक्षात लाटेचा वेग बदललेला नसतो. बदलते ते नकाशाचे प्रमाण.

३. लाटेच्या आत

निरोगी कॉर्टेक्समध्ये पेशींबाहेरच्या द्रवात पोटॅशियम थोडे असते, लिटरमागे सुमारे 3 मिलिमोल. एखाद्या ठिकाणी चेतापेशी अति उद्दीपित झाल्या की पोटॅशियम आणि ग्लुटामेट बाहेर साचू लागतात. तिथले पंप आणि आधारपेशी ते आवरू शकल्या नाहीत, तर शेजारच्या पेशीही उद्दीपित होतात आणि तेच द्रव्य बाहेर सोडतात. पेटलेल्या गवतातून आग सरकावी तशी ही साखळी पुढे जाते. चेतातंतूंतून संदेश मीटर-मीटर अंतर क्षणात ओलांडतात, पण इथे द्रव्यांना पेशींमधल्या अरुंद फटींतून झिरपत जावे लागते. लाटेचा संथपणा यातूनच येतो.

लाटेच्या आघाडीवर पेशी काही सेकंद जोराने स्फुरण पावतात. दातेरी चमक ती हीच. लगेच बाहेरचे पोटॅशियम 30 ते 60 मिलिमोलपर्यंत चढते, सोडियम आणि कॅल्शियम आत शिरतात, पेशी फुगतात आणि विद्युत्-भार जवळजवळ नाहीसा होतो. अशी पेशी संदेश पाठवू शकत नाही, म्हणून चमकेमागे आंधळा पट्टा राहतो. आयनांची ही उलथापालथ मिनिटभरात सावरते, कारण सोडियम-पोटॅशियम पंप ऊर्जा खर्चून घडी पूर्ववत बसवतात. कामकाज सुरळीत व्हायला मात्र त्याहून बरीच अधिक मिनिटे लागतात.

रक्तप्रवाह आधी थोडा वेळ वाढतो आणि मग तासभर किंवा अधिक काळ मंदावलेला राहतो. ‘रक्तवाहिन्या आकसल्या की ऑरा, फुगल्या की वेदना’ हा जुना सिद्धान्त इथेच अडखळला. येस ओलेसन आणि सहकाऱ्यांनी 1981 मध्ये दाखवले, की मंद प्रवाहाचा पट्टा कुठल्याही एका धमनीच्या क्षेत्राची सीमा न पाळता मागून पुढे सरकतो. पुढे असेही दिसले, की डोकेदुखी सुरू होते तेव्हा प्रवाह बहुधा कमीच असतो. 2001 मध्ये नूशिन हजीखानी आणि सहकाऱ्यांनी ऑरा चालू असताना एमआरआयने मेंदू टिपला. त्यात दिसलेल्या लाटेचा वेग मिनिटाला सुमारे 3.5 मिलिमीटर भरला.

४. वेदना मागून का

लाट पेशीवरून गेली की लक्षण त्याच क्षणी उमटते. ऑराला वेगळ्या मध्यस्थाची गरज नसते. कॉर्टेक्सला मात्र स्वतःला वेदना कळत नाही. वेदना टिपणारे तंतू त्यावरच्या आवरणांत आणि तिथल्या रक्तवाहिन्यांभोवती असतात. ते ट्रायजेमिनल या चेहऱ्याच्या चेतेचे. म्हणून लाटेची खबर कॉर्टेक्समधून आवरणापर्यंत रासायनिक मार्गाने जावी लागते.

उंदरांवरील प्रयोगांत हा मार्ग टप्प्याटप्प्याने दिसतो. ताणलेल्या चेतापेशींतील विशिष्ट वाहिन्या उघडतात, दाह सुरू करणारे रेणू बाहेर पडतात आणि आधारपेशी तो संदेश आवरणाकडे पोचवतात. तिथले तंतू जागे होऊन सीजीआरपी नावाचे द्रव्य सोडतात. वाहिन्या फुगतात, तंतू अधिकच हळवे होतात आणि एरवी न जाणवणारी नाडीची धडधडही ठणक्यासारखी भासते. 2010 मधील एका प्रयोगात लाट गेल्यानंतर आवरणातले वेदनातंतू सुमारे 14 मिनिटांनी सक्रिय झाले.

थोडक्यात, दोन्ही घड्याळे एकाच क्षणी सुरू होतात, पण वेदनेचे घड्याळ उशिरा वाजते. म्हणूनच काही रुग्णांत ऑरा संपण्याआधीच दुखू लागते, आणि बहुतेकदा वेदना तासाभरात येते.

५. सिद्धान्ताची मर्यादा आणि निदान

लाट आली की वेदना येणारच, असे मात्र नाही. काहींना ऑरा येतो, दुखत नाही. अर्धशिशीच्या बहुसंख्य रुग्णांना ऑरा कधीच येत नाही. टोनाबरसॅट या औषधाच्या 2009 मधील चाचणीत ऑराचे झटके घटले, पण ऑराविना येणारी डोकेदुखी घटली नाही. तेव्हा लाट हे वेदनेचे एक दार आहे, एकमेव नव्हे.

लाटेचा संथपणा निदानातही उपयोगी पडतो. ऑरा पाच मिनिटांहून अधिक वेळ हळूहळू पसरतो, त्यात बहुधा चमक असते आणि तो तासाभरात ओसरतो. अपस्माराची दृष्टिलक्षणे बहुधा काही सेकंदांची ते एक-दोन मिनिटांची असतात. पक्षाघातात रक्तपुरवठा एकदम तुटतो, म्हणून दृष्टी, बोलणे किंवा हातपाय क्षणात जातात आणि चमक सहसा नसते. म्हणून डॉक्टरांना ‘काय दिसले’ याच्याबरोबर ‘ते किती मिनिटांत, कुठून कुठे सरकले’ हेही सांगावे. लक्षण एकदम आले, एका बाजूची ताकद गेली किंवा चाळिशीनंतर पहिल्यांदाच असे घडले, तर अर्धशिशी असेल असे गृहीत न धरता लगेच रुग्णालय गाठावे.