डेंग्यूचा संशय असताना तापावर कोणती गोळी?

पावसाळा उतरणीला लागला की आपल्या इंदुरात घरोघरी तापाचे रुग्ण दिसू लागतात, आणि सभासदांकडून एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येतो: रिपोर्ट यायचा आहे, ताप तर 103 आहे, तोवर काय द्यायचे? थोडक्यात उत्तर असे: डेंग्यू नाही हे ठरेपर्यंत तापावर फक्त पॅरासिटामॉल द्यावे. आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन आणि त्यांच्या जातीची कोणतीही वेदनाशामक गोळी देऊ नये. याचे कारण आणि पॅरासिटामॉल देण्याची पद्धत आम्ही येथे सविस्तर देत आहोत. हा लेख डॉक्टरांच्या सल्ल्याच्या जागी वापरू नये.

डेंग्यूमध्ये रक्ताचे काय होते

जखम झाली की रक्तातल्या प्लेटलेट्स तेथे गोळा होऊन एकमेकींना चिकटतात आणि भोक बुजवतात. निरोगी माणसात त्यांची संख्या साधारण दीड लाख ते साडेचार लाख असते. डेंग्यूचा विषाणू अस्थिमज्जेचे काम मंदावतो, त्यामुळे नव्या प्लेटलेट्स कमी तयार होतात. आहेत त्याही लवकर नष्ट होतात. शिवाय बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती सैल पडून रक्तातला पाण्याचा अंश बाहेर झिरपू लागतो. म्हणजे रक्तस्राव थांबवणारी यंत्रणा आधीच अशक्त झालेली असते आणि शरीरात पाणीही कमी पडत असते. तापाची गोळी निवडताना या दोन्ही गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात.

या गोळ्या नुकसान कशा करतात

ॲस्पिरिन आणि आयबुप्रोफेन शरीरातले एक एन्झाइम बंद पाडतात. ताप आणि वेदना वाढवणारी द्रव्ये या एन्झाइमपासून तयार होतात, म्हणून गोळीने आराम पडतो. पण प्लेटलेट्सना एकमेकींना चिकटण्यासाठी लागणारे द्रव्यही त्याच एन्झाइमपासून बनते. जठराच्या अस्तराचे आम्लापासून रक्षण करणारी आणि पाणी कमी असताना मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा टिकवणारी द्रव्येही त्याचीच. एक एन्झाइम बंद पडले की ही सगळी कामे एकदम अडतात.

ॲस्पिरिनची अडचण अधिक मोठी आहे. ते प्लेटलेटमधले एन्झाइम कायमचे निकामी करते, आणि प्लेटलेटला ते नव्याने बनवता येत नाही. प्लेटलेटचे आयुष्य सात ते दहा दिवसांचे असते, तेवढे दिवस ती नीट काम करत नाही. निरोगी माणसात रोज नव्या प्लेटलेट्स येऊन ही भर निघते; डेंग्यूत नेमके ते उत्पादनच घटलेले असते. म्हणून तापाच्या दुसऱ्या दिवशी घेतलेल्या ॲस्पिरिनचा परिणाम पाचव्या-सहाव्या दिवशी, म्हणजे धोक्याच्या काळातही, टिकून असतो. लहान मुलांना विषाणूच्या तापात ॲस्पिरिन एरवीही देत नाहीत, कारण त्यातून मेंदू आणि यकृताला इजा करणारा राय सिंड्रोम नावाचा दुर्मीळ पण गंभीर आजार होऊ शकतो.

आयबुप्रोफेनचा प्लेटलेट्सवरचा परिणाम औषध शरीरातून गेले की ओसरतो. पण जठरातून रक्त जाण्याचा आणि मूत्रपिंडाला इजा होण्याचा धोका राहतोच. डिक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, मेफेनामिक ॲसिड, नॅप्रॉक्सेन आणि निमेसुलाइड हीही याच कुळातली औषधे आहेत, म्हणून तीही टाळावीत. ताप उतरवायला कमरेत किंवा दंडात सुई मागू नये. प्लेटलेट्स कमी असताना सुईच्या जागी स्नायूत रक्त साकळू शकते.

पाकिटावर काय वाचायचे

दुकानात “बुखार और बदन दर्द की गोली” मागितली की अनेकदा पॅरासिटामॉल आणि दुसरे वेदनाशामक अशी एकत्र गोळी हातात पडते. कॉम्बिफ्लाममध्ये पॅरासिटामॉलबरोबर आयबुप्रोफेन असते. डिस्प्रिन म्हणजे ॲस्पिरिन, ब्रुफेन म्हणजे आयबुप्रोफेन, मुलांना तापासाठी देतात ते मेफ्टाल-पी म्हणजे मेफेनामिक ॲसिड. म्हणून मोठ्या अक्षरातले नाव सोडून त्याखालची बारीक अक्षरातली घटकांची यादी वाचावी. तेथे फक्त पॅरासिटामॉल लिहिलेले असेल तरच ते औषध घ्यावे. दुकानदाराला “सिर्फ पैरासिटामोल, और कुछ मिला हुआ नहीं” असे स्पष्ट सांगितले तर गोंधळ होत नाही.

पॅरासिटामॉल कसे द्यायचे

पॅरासिटामॉल मुख्यतः मेंदूत काम करते. नेहमीच्या मात्रेत प्लेटलेट्सवर किंवा जठरावर त्याचा परिणाम जवळजवळ होत नाही. त्याची मर्यादा यकृताशी आहे: मात्रा जास्त झाली तर यकृताला इजा होते, आणि डेंग्यूत यकृताला आधीच सूज आलेली असू शकते.

मोठ्या माणसाने एका वेळी 500 किंवा 650 मिलीग्रॅमची एक गोळी घ्यावी, दोन गोळ्यांमध्ये किमान सहा तास ठेवावेत, आणि 24 तासांत चारपेक्षा जास्त गोळ्या घेऊ नयेत. 650 च्या चार गोळ्या म्हणजे 2600 मिलीग्रॅम. निरोगी प्रौढासाठी दिवसाची कमाल मर्यादा 4000 मिलीग्रॅम मानतात. डेंग्यूत तिच्या बऱ्याच आत राहणे शहाणपणाचे. सर्दीच्या गोळ्यांमध्येही बहुधा पॅरासिटामॉल असते. वरच्या चार गोळ्यांबरोबर 500 मिलीग्रॅम पॅरासिटामॉल असलेली सर्दीची गोळी तीनदा घेतली, तर बेरीज 4100 होते, आणि घरात कोणाच्या ते लक्षातही येत नाही. यकृताचा आजार, नियमित मद्यपान किंवा वजन फार कमी असेल, तर मात्रा डॉक्टरांनीच ठरवावी.

मुलांची मात्रा वयावरून न ठरवता वजनावरून ठरते: दर किलोला 10 मिलीग्रॅम, किमान सहा तासांच्या अंतराने. काही डॉक्टर 15 पर्यंत देतात, पण तो निर्णय त्यांचा. एक वर्षाखालील बाळाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही देऊ नये.

समजा, सात वर्षांच्या मुलीचे वजन 18 किलो आहे. तिची एका वेळची मात्रा 180 मिलीग्रॅम. आता बाटली पाहावी. 5 मिलीलीटरमध्ये 120 मिलीग्रॅम असे लिहिले असेल तर 7.5 मिलीलीटर द्यावे लागेल. 5 मिलीलीटरमध्ये 250 असेल तर 3.6 मिलीलीटर पुरे. बाळांसाठीचे थेंबाचे औषध असते, त्यात एका मिलीलीटरमध्येच 100 मिलीग्रॅम असू शकते; त्याचे फक्त 1.8 मिलीलीटर होतात. “मागच्या वेळी साडेसात दिले होते” म्हणून थेंबाच्या बाटलीतून साडेसात मिलीलीटर दिले, तर 750 मिलीग्रॅम, म्हणजे चौपटीहून जास्त औषध पोटात जाईल. त्यामुळे दर नव्या बाटलीला हिशेब नव्याने करावा आणि घरातल्या चमच्याऐवजी खुणा असलेली पिचकारी किंवा झाकण वापरावे.

“पॅरासिटामॉलने ताप उतरतच नाही”

खरी चूक येथे होते. डेंग्यूचा ताप पॅरासिटामॉलने पूर्ण उतरत नाही. त्याच मुलीला सकाळी सहाला 103 ताप असताना औषध दिले, तर तास-दीड तासाने तो 101 च्या आसपास येईल आणि दहा-अकराला पुन्हा चढू लागेल. औषध निकामी ठरले असे यावरून समजू नये. ताप किती डिग्रीवर आला यापेक्षा मूल पाणी पिऊ लागले का, थोडे शांत झोपले का, हे पाहावे. पुढची मात्रा बारालाच द्यावी. मधल्या वेळात कोमट पाण्याने अंग पुसावे. बर्फाचे पाणी नको. “हिच्याने काही होत नाही, जरा स्ट्राँग देऊ” म्हणून शेजारघरातून आलेली दुसरी गोळी बहुधा आयबुप्रोफेन किंवा मेफेनामिक ॲसिडचीच असते.

चिकुनगुन्या त्याच डासामुळे आणि त्याच दिवसांत होतो, आणि त्यात सांधे फार दुखतात. तेथेही डेंग्यू नाही असे डॉक्टरांनी सांगेपर्यंत सांधेदुखीच्या गोळ्या घेऊ नयेत. डेंग्यूसाठी एनएस-1 ही तपासणी पहिल्या पाच दिवसांत उपयोगी पडते. ती निगेटिव्ह आली तरी तेवढ्यावरून डेंग्यू नाही असे ठरत नाही.

ताप उतरल्यावरचे दोन दिवस

डेंग्यूचा ताप बहुधा तिसऱ्या ते सातव्या दिवसादरम्यान आपोआप उतरतो. रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपण्याचा धोका त्यानंतरच्या 24 ते 48 तासांत सर्वाधिक असतो. ताप गेला की पॅरासिटामॉल बंद करावे, पण लक्ष ठेवणे बंद करू नये. ताक, पेज, नारळपाणी, ओआरएस थोडे थोडे देत राहावे. दर चार ते सहा तासांनी लघवी होत असेल तर पाणी पुरते आहे असे समजावे.

पोटात जोराने दुखणे, वारंवार उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, डांबरासारखी काळी शौच, हातपाय गार पडणे, गुंगी किंवा अस्वस्थपणा, सहा तास लघवी न होणे, यांपैकी एक जरी दिसले तरी वेळ न घालवता रुग्णालय गाठावे. प्लेटलेट्सचा आकडा बरा आहे म्हणून थांबू नये.

आधीच गोळी घेतली असेल तर, आणि हृदयासाठी ॲस्पिरिन चालू असेल तर

डेंग्यूचा संशय येण्यापूर्वी आयबुप्रोफेनची एखादी गोळी गेली असेल तर घाबरू नये. प्रत्येकाला रक्तस्राव होतोच असे नाही. ती लगेच बंद करावी, नाव आणि वेळ कागदावर लिहावी आणि डॉक्टरांना दाखवावी.

आपल्याकडच्या अनेक ज्येष्ठांना हृदयविकारासाठी किंवा स्टेंट बसवल्यावर रोज 75 मिलीग्रॅम ॲस्पिरिन दिलेले असते. हे वाचून आजी-आजोबांची ती गोळी घरीच बंद करू नये. नव्या स्टेंटमध्ये गोळी थांबवल्यास गाठ होऊन हृदयविकाराचा झटका येऊ शकतो. तापाच्या पहिल्याच दिवशी हृदयाच्या डॉक्टरांना फोन करावा. प्लेटलेट्स किती आहेत आणि स्टेंट कधी बसवला, हे पाहून गोळी चालू ठेवायची की थांबवायची ते ठरवतात.

डॉक्टरांकडे जाताना एका कागदावर ताप सुरू झाल्याची तारीख, प्रत्येक औषधाचे नाव, मात्रा व वेळ, आणि शेवटची लघवी केव्हा झाली एवढे लिहून न्यावे.