ड्रोन फवारणी सेवा, भाडेतत्त्वावरील

शेतकऱ्याच्या पिकावर कीटकनाशक, बुरशीनाशक किंवा विद्राव्य खत ड्रोनने फवारून देण्याचा आणि एकरी दराने पैसे घेण्याचा व्यवसाय. महाराष्ट्रात यासाठी सहसा १० लिटर टाकीचा, बॅटरीवर चालणारा ड्रोन वापरतात. औषध शेतकऱ्याचे आणि यंत्र, चालक व मदतनीस सेवा देणाऱ्याचे, अशी रीत बहुतेक ठिकाणी आहे. दर भाग आणि पीक पाहून बदलतो. या नोंदीतील हिशेब एकरी ५०० रुपये धरून केला आहे.

या सेवेला गिऱ्हाईक मिळते ते मुख्यतः पाठीवरचा पंप जिथे हरतो तिथे. पावसाच्या उघडिपीत सोयाबीनवर अळी पडते, पण काळ्या रानात वाफसा नसल्याने पाय रुतत असतात. तूर फुलोऱ्यात येते तेव्हा माणसाच्या डोक्याला लागते. कांडी धरलेल्या उसात तर शिरताच येत नाही. शिवाय उंच पिकात पंप चालवणाऱ्याच्या अंगावर औषध येते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना झालेल्या विषबाधेत वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. ड्रोनचा चालक बांधावर उभा राहतो, हा त्याचा सर्वांत मोठा गुण आहे. मात्र टाकीत औषध ओतणाऱ्या मदतनिसाच्या हाती दाट द्रावण असते. त्याला हातमोजे, मास्क आणि चष्मा लागतोच.

फवारणीचे गणित. ड्रोन पिकाच्या शेंड्यापासून साधारण २ ते ३ मीटर उंचीवर उडतो. पंख्यांचा खाली येणारा वारा पाने हलवतो आणि थेंब आत ढकलतो. समजा, वेग सेकंदाला ४ मीटर आणि फवारणीचा पट्टा ४ मीटर रुंद आहे. म्हणजे सेकंदाला १६ चौरस मीटर रान भिजते. एक एकर सुमारे ४,०४७ चौरस मीटरचा, म्हणून निव्वळ फवारणीला सव्वाचार मिनिटे लागतात. तेवढ्या वेळात १० लिटर पाणी उतरवायचे तर चार नोझलमधून मिळून मिनिटाला सुमारे २.४ लिटर, म्हणजे प्रत्येकी ०.६ लिटर बाहेर पडले पाहिजे. वळणे, चढणे-उतरणे धरून एकराला सहा-सात मिनिटे जातात. हंगामाच्या सुरुवातीला टाकीत साधे पाणी घालून प्रत्येक नोझलखाली मापाचे भांडे धरावे आणि एका मिनिटात किती पाणी जमते ते पाहावे. एक नोझल अर्धवट तुंबला असेल, तर त्याच्या पट्ट्यातली अळी जिवंत राहते आणि आठवड्याने रानात हिरवे-करपट पट्टे दिसतात. तेव्हा शेतकरी नोझल पाहत नाही, ड्रोनलाच नावे ठेवतो.

नव्या चालकाकडून सर्वांत जास्त होणारी चूक औषधाच्या मात्रेची. शेतकऱ्याच्या तोंडी हिशेब ‘पंपाला किती’ असा असतो. क्लोरँट्रानिलीप्रोल १८.५ टक्के एससी या औषधाचेच पाहा. तुरीवरील शेंगा पोखरणाऱ्या अळीसाठी त्याची मात्रा एकरी ६० मिली आहे. एकराला दहा पंप पाणी लागत असेल, तर पंपाला ६ मिली पडते. ड्रोनची टाकीही जवळपास पंपाएवढीच असते, म्हणून कुणी तिच्यातही ६ मिलीच टाकतो आणि पिकाला दहावा हिस्सा औषध मिळते. नियम असा की मात्रा एकराची असते, पंपाची नसते: ६० मिली पंपाने दीडशे लिटर पाण्यातून जाते आणि ड्रोनने १० लिटरमधून. म्हणून ओतण्याआधी शेतकऱ्याला ‘एकरी मात्रा किती?’ एवढेच विचारावे, बाटलीवरचे पत्रक वाचावे आणि ते औषध ड्रोनने फवारायला केंद्रीय कीटकनाशक मंडळाची मान्यता आहे का ते पाहावे. दाट द्रावणात पाण्यात मिसळणारी भुकटी तळाला बसते आणि नोझल तुंबवते. द्रवरूप औषधे त्यामानाने सोपी जातात. तीन-चार औषधे एकत्र करायचा आग्रह झाला, तर आधी काचेच्या बरणीत त्याच प्रमाणात मिसळून अर्धा तास ठेवावे. फुटले, गुठळ्या झाल्या किंवा साका बसला तर ते मिश्रण टाकीत घालू नये.

औषध पानापर्यंत पोहोचले का, हे पाण्याला रंग बदलणाऱ्या पिवळ्या कागदाने कळते. त्याचे तुकडे शेंड्यावर, मधल्या पानांवर आणि बुडाशी टाचणीने लावावेत. थेंब पडला की तिथे निळा ठिपका उमटतो. दाट कपाशीत बुडाचा कागद बहुधा पिवळाच राहतो. पानांखाली दडलेल्या, बुडाशी असलेल्या किडीसाठी ड्रोन पंपाइतका उपयोगी नाही, हे गिऱ्हाइकाला आधीच सांगितलेले बरे.

दुसरे संकट वाऱ्याचे. ड्रोनचे थेंब बारीक असतात, म्हणून वारा सुटला की ते शेजारच्या रानात जातात. सकाळी दहाच्या आत आणि सायंकाळी चारनंतर काम करावे. फुलोऱ्यातल्या पिकात मधमाश्यांसाठी सायंकाळच योग्य. तणनाशकाचा धोका यापेक्षाही मोठा. २,४-डी या तणनाशकाचा नुसता फवारा लागला किंवा धुतलेल्या टाकीत त्याचा अंश राहिला, तरी कपाशीची नवी पाने आक्रसून भेंडीच्या पानांसारखी बोटाळतात. द्राक्षही त्याला तितकेच नाजूक. ज्याच्या शिवारात कपाशी किंवा द्राक्ष आहे, त्याने २,४-डीचे काम ड्रोनवर घेऊच नये. एका दिवसाच्या कमाईपायी शेजाऱ्याच्या हंगामाची भरपाई अंगावर येते आणि गावातले कामही तुटते.

कर्जाचा हिशेब. या धंद्यातला मोठा खर्च बॅटरीचा आहे आणि तो सुरुवातीला दिसत नाही. भरलेल्या टाकीसह एक सेट साधारण एक एकर करून उतरतो. अशा लिथियम-पॉलिमर बॅटरीला अडीचशेच्या आसपास भरण्या लाभतात असे धरू. सेटची किंमत ४५,००० रुपये धरली, तर एकरामागे १८० रुपये बॅटरीतच झिजतात.

दहावी झालेल्या, घरच्या थोड्या रानावर भागवणाऱ्या एका तरुणाचा नमुना घेऊ. दोन सेटसह ड्रोन साडेपाच लाखांचा, आणखी दोन सेट ९० हजारांचे, जनरेटर, चार्जर व सुटे भाग ६० हजारांचे. एकूण सात लाख. त्यापैकी पाच लाख बँकेकडून, दोन लाख घरचे. मुद्रा योजनेतील किशोर गटाची मर्यादाही पाच लाखांचीच आहे. ११ टक्के व्याजाने पाच वर्षांच्या मुदतीला महिन्याचा हप्ता सुमारे १०,८७० रुपये, म्हणजे वर्षाला १ लाख ३० हजार बसतो.

आता काम. खरीप सोयाबीन, मग तूर, मग हरभरा असे धरून, पावसाने बुडालेले दिवस वजा करता, सत्तर दिवस मिळाले आणि दिवसाला सरासरी १४-१५ एकर झाले, तर वर्षाला हजार एकर होतात. तुकड्यांच्या रानात, विजेच्या तारा आणि बांधावरची झाडे चुकवत हे काम सोपे नाही. मिळकत पाच लाख. एकरामागे बॅटरी १८०, जनरेटरचे पेट्रोल ६५, मदतनीस ४०, गाडी २५, विमा-दुरुस्ती ५०, असे ३६० रुपये जातात. उरतात १४०, म्हणजे वर्षाला १ लाख ४० हजार. हप्ता फेडून हाती दहा हजार राहतात. अनुदानाशिवाय हा धंदा पाच लाखांच्या कर्जावर उभा राहत नाही, असे हा हिशेब सांगतो.

अनुदानाने चित्र बदलते. कृषी यांत्रिकीकरण उपअभियानातून भाडेतत्त्वावर सेवा देणाऱ्या ग्रामीण उद्योजकाला ड्रोनच्या किमतीच्या ४० टक्के, कमाल चार लाख, आणि कृषी पदवीधराला ५० टक्के, कमाल पाच लाख असे साहाय्य ठरले आहे. आपल्या तरुणाला ड्रोनवर दोन लाख २० हजार मिळाले आणि ते कर्जात भरले, तर दोन लाख ८० हजारांवरचा वर्षाचा हप्ता ७३ हजार होतो. हाती ६७ हजार राहतात. सत्तर दिवसांच्या कामाचे ते रोज साडेनऊशेच्या आसपास पडतात. पण पूर्वसंमती आधी, खरेदी नंतर आणि पैसे सर्वांत शेवटी, असा अनुदानाचा क्रम असतो. तोवर पूर्ण कर्जाचा हप्ता भरावा लागतो. पूर्वसंमतीपूर्वी घेतलेल्या यंत्राला अनुदान मिळत नाही.

या हिशेबात एक सापळा आहे. पहिल्या वर्षाचे चारही सेट कर्जातून आलेले असतात, म्हणून बॅटरीचे एकरी १८० रुपये खिशातून जात नाहीत आणि धंदा झकास चालल्यासारखा वाटतो. हजार एकरांनंतर चारही सेट एकाच वेळी थकतात आणि दुसऱ्या हंगामाच्या तोंडावर १ लाख ८० हजार उभे करावे लागतात. हे पैसे पहिल्या एकरापासून वेगळ्या खात्यात पडले पाहिजेत. उधारीही याच ठिकाणी अडवते: शेतकरी ‘माल विकल्यावर देतो’ म्हणतो, बँकेचा हप्ता मात्र दरमहा असतो.

बॅटरीचे आयुष्य बरेचसे चालकाच्या हातात असते. तीस टक्क्यांच्या आसपास चार्ज उरला की उतरावे. गरम सेट सावलीत थंड होऊ द्यावा, मगच भरावा. हंगाम संपल्यावर पूर्ण भरलेले सेट तसेच ठेवले की फुगतात, म्हणून प्रत्येक सेलला ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवून कोरड्या जागी ठेवावे. आवरण फुगणे, सेलांच्या व्होल्टेजमध्ये फरक पडणे आणि उडण्याचा वेळ घटणे ही सेट थकल्याची लक्षणे. फुगलेला सेट पुन्हा भरू नये, तो पेट घेतो. अडीचशेऐवजी साडेतीनशे भरण्या मिळाल्या, तर एकरी बॅटरीखर्च १३० रुपयांच्या आत येतो.

परवाने. ड्रोन नियम, २०२१ नुसार २५ किलोपर्यंतचा फवारणी ड्रोन ‘लघु’ गटात येतो. त्याला टाइप सर्टिफिकेट, नोंदणी क्रमांक आणि त्रयस्थ विमा लागतो. विकत घेताना टाइप सर्टिफिकेटचा क्रमांक बिलावर मागावा. चालक १८ ते ६५ वयाचा, दहावी उत्तीर्ण आणि मान्य प्रशिक्षण संस्थेचे रिमोट पायलट प्रमाणपत्र असलेला हवा. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठातही असे प्रशिक्षण मिळते. विमानतळापासून दूर, हिरव्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत उडवायला वेगळी परवानगी लागत नाही.

छायाचित्रणाचा ड्रोन. कर्ज अगदीच कमी झेपणाऱ्याला हा पर्याय सुचवतात. २५० ग्रॅमपर्यंतच्या ‘अतिलघु’ ड्रोनला पायलट प्रमाणपत्र लागत नाही, टाकी-जनरेटर नाही आणि भांडवलही थोडे. पण लग्नसराई तारखांना बांधलेली आणि एका गावात असे यंत्र घेणारे अनेक. फेब्रुवारी २०२२ पासून तयार परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी असल्याने बिलाशिवाय आलेले यंत्र घेणे म्हणजे जप्तीची जोखीम.

कोणत्याही कर्जाआधी एक हंगाम दुसऱ्याच्या ड्रोनवर, शेतकरी उत्पादक कंपनीच्या किंवा अवजार बँकेच्या यंत्रावर चालक म्हणून काढावा आणि रोजचे एकर वहीत लिहावेत. हंगामी सहाशे एकरांच्या आत राहिलेल्याने स्वतःचा ड्रोन घेऊ नये: वरच्या हिशेबाने त्याच्या हाती ८४ हजार येतात आणि अनुदान मिळूनही ७३ हजार हप्त्यात जातात.