पाठ दांडीकडे का? उंच उडीतील एका स्थित्यंतराचा विचार

उंच उडीच्या इतिहासात 20 ऑक्टोबर 1968 ही तारीख सीमारेषेसारखी मानली जाते. त्या दिवशी मेक्सिको ऑलिंपिकमध्ये डिक फॉसबरी हा अमेरिकन खेळाडू दांडीकडे पाठ करून 2.24 मीटर उंची ओलांडून गेला व सुवर्णपदकाचा मानकरी ठरला. या ‘फ्लॉप’ पद्धतीच्या यशाचे एक कारण नेहमी सांगितले जाते. शरीराची कमान झाल्यामुळे गुरुत्वमध्य दांडीच्या खालूनही जाऊ शकतो, हे ते कारण. ते खोटे नाही. परंतु एवढ्यावर समाधान मानले तर इतिहासाचा उलगडा होत नाही, असे दाखविण्याचा येथे प्रयत्न आहे.

उडीची उंची तीन गोष्टींवर अवलंबून असते : जमीन सोडताना गुरुत्वमध्य किती उंच आहे, तेथून तो किती वर चढतो, आणि दांडी ओलांडताना त्यांपैकी किती उंची वाया जाते. उंच खेळाडूचा गुरुत्वमध्य जमीन सोडताना 1.30 मीटरवर आहे व त्याचा ऊर्ध्व वेग सेकंदास 4.2 मीटर आहे असे धरू. हा मध्य आणखी 0.90 मीटर चढून 2.20 मीटरवर पोहोचेल. जुन्या कात्री पद्धतीत धड उभेच राहत असल्याने यातील पाव मीटर सहज वाया जाते. दांडीवर पालथे पडून तिला वळसा घालणाऱ्या ‘स्ट्रॅडल’ पद्धतीत मात्र ही हानी अवघ्या काही सेंटिमीटरांवर आली होती. म्हणजे कात्रीवर फ्लॉपने मिळविलेला विजय कमानीने समजतो, स्ट्रॅडलवरील विजय तेवढ्याने समजत नाही. प्रत्यक्षात उत्तम फ्लॉप खेळाडूंचाही गुरुत्वमध्य पुष्कळदा दांडीच्या किंचित वरूनच जातो.

इतिहासही याला साक्ष देतो. ब्रुमेलने 1963 साली स्ट्रॅडलनेच 2.28 मीटरचा विश्वविक्रम केला होता. फॉसबरीची मेक्सिकोतील उडी त्याहून कमी होती. फ्लॉपने पहिला विश्वविक्रम, 2.30 मीटर, ड्वाइट स्टोन्सने 1973 साली केला. त्यानंतरही 1978 साली याश्चेन्कोने स्ट्रॅडलने 2.34 मीटर गाठले.

मग खरा भेद कोठे? तो धावेत आहे. स्ट्रॅडलची धाव सरळ रेषेत येते. अखेरच्या पावलाला गुडघा खोल वाकवून, दुसरा पाय जोराने वर झोकून शरीर उचलावे लागते. त्याला असामान्य बळ लागते, आणि वेग वाढला की उडीचा पाय कोलमडतो. फ्लॉपची शेवटची चार-पाच पावले वळणावर पडतात. वळणामुळे शरीर आतल्या बाजूस, म्हणजे दांडीपासून दूर, कलते. गुडघा फारसा न वाकविताही गुरुत्वमध्य खाली येतो व धावेचा वेग टिकतो. पाय रोवला की तो कल उभा होऊ लागतो. त्यातून गुरुत्वमध्याला वर चढण्यास वाट मिळते आणि शरीर दांडीवर पाठीने फिरण्यास लागणारी गतीही मिळते. ऊर्ध्व वेग 4.2 वरून 4.4 झाला तर चढ सुमारे 9 सेंटिमीटरांनी वाढतो. स्ट्रॅडलच्या तुलनेत कमानीने होणारी बचत यापुढे लहानच ठरते.

दोषही येथेच ओळखता येतो. शेवटच्या पावलांत वळण सोडून खेळाडू सरळ झाला, की तो जमीन सोडण्यापूर्वीच दांडीकडे झुकतो. अशा वेळी उडीचा माथा दांडीपलीकडे जातो व चढतानाच पाठ किंवा नितंब तिला लागतात. कमान अधिक वाकवून हा दोष जात नाही. सुधारावयाची असते ती धाव.

हे सारे पूर्वीच का सुचले नाही, याचे उत्तर खाली पाहिल्यावर मिळते. पाठीवर व खांद्यांवर पडावयाचे तर खाली मऊ गादी हवी. फॉसबरीच्या शाळेत लाकडी ढलप्यांच्या जागी मऊ साहित्य आले, तेव्हाच त्याचा प्रयोग निर्धास्त झाला. महाराष्ट्रातील उदाहरण याहून बोलके आहे. नाशिक जिल्ह्यातील देवरगावच्या सर्वेश कुशारेने आरंभीचा सराव मक्याचा भुसा भरून केलेल्या गादीवर केला. पुढे 2025 साली टोकियोच्या जागतिक स्पर्धेत या प्रकाराच्या अंतिम फेरीत पोहोचणारा तो पहिला भारतीय ठरला, आणि 2.28 मीटर उडीसह सहावा आला.

सिरोंच्यासारख्या ठिकाणी प्राणहिता व गोदावरीच्या पात्रांत वाळू विपुल आहे. लांब उडीला व कात्री पद्धतीला ती पुरते. मानेवर व पाठीवर पडणाऱ्याला पुरत नाही. म्हणून येथील मुलांना ही पद्धत शिकवावयाची तर क्रम असा हवा : आधी गादी, मग वळणाची धाव, आणि कमान सर्वांत शेवटी.