हस्ताक्षर सुधार वर्ग

शाळकरी मुलांचे अक्षर वळणदार व सुवाच्य व्हावे यासाठी घेतल्या जाणाऱ्या अल्पमुदतीच्या शिकवणीला हस्ताक्षर सुधार वर्ग म्हणतात. असे वर्ग बहुधा मे महिन्याच्या सुट्टीत भरतात आणि दहा-पंधरा दिवसांत संपतात.

पहिल्या दिवशी मुलाकडून एक उतारा लिहून घेतात व तो जपून ठेवतात. त्यानंतर बैठक, वहीचा तिरकेपणा आणि पेन्सिलची पकड पाहिली जाते. बोटांची टोके पांढरी पडत असतील किंवा मागच्या पानावर अक्षरे उमटत असतील, तर पकड घट्ट आहे असे समजावे. मग दुरेघी वहीत उभ्या, आडव्या व तिरप्या रेघा आणि अर्धगोल गिरवले जातात. अक्षरे मुळाक्षरांच्या क्रमाने न घेता आकाराच्या गटांनी घेतात, उदाहरणार्थ व, ब, क हा एक गट. एका गोलाची चूक सुधारली की तीनही अक्षरे सुधारतात.

मराठीत खरी कसोटी शिरोरेषेची असते. घ आणि म यांवर ती सलग असते, ध आणि भ यांवर डावीकडे तुटते. घाईत सरसकट रेघ ओढली की ‘धन’चा ‘घन’ होतो. काही मुले प्रत्येक अक्षरावर वेगळी रेघ देतात. त्यात वेळ जातो आणि शब्दही तुटक दिसतो. म्हणून आधी पूर्ण शब्द लिहून मग वर रेघ द्यायला शिकवतात, मात्र ध, भ आले की हात उचलायचा.

शेवटच्या दिवशी तोच उतारा पुन्हा लिहून घेतात आणि दोन्ही कागद पालकांना दाखवतात. फरक डोळ्यांत भरतो, पण येथेच फसगत होते. समजा, चौथीतल्या मुलीने पहिल्या दिवशी साठ शब्द सहा मिनिटांत लिहिले आणि शेवटच्या दिवशी तेच साठ शब्द बारा मिनिटांत. अक्षर सुंदर झाले, पण वेग निम्म्यावर आला. शाळा सुरू झाल्यावर फळ्यावरचे उतरवताना ती जुन्याच वेगाने लिहील आणि जुने अक्षर परत येईल. त्यामुळे नमुन्यावर तारखेबरोबर लागलेली मिनिटेही लिहून ठेवायला सांगावे. महिन्याभराने शाळेची वही पाहणे ही त्याहून चांगली परीक्षा, कारण ती लिहिताना कोणी पाहत नसते. वर्गानंतर रोज दहा मिनिटे घड्याळ लावून चार-पाच ओळी लिहिल्या, आणि अक्षर बिघडू न देता वेग थोडा थोडा वाढवला, तर नवे वळण हातात बसते.

सराव करूनही लिहिताना हात दुखतो, अक्षरे गळतात, तोंडी उत्तर येते पण कागदावर उतरत नाही, अशा वेळी कारण आळस नसून डिसग्राफिया ही लेखन-अक्षमता असू शकते. तिची तपासणी बालविकासतज्ज्ञ किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे करून घ्यावी. अशा मुलाला आणखी पाने गिरवायला लावल्याने लिहिण्याची धास्तीच वाढते.