'डेटा क्लीन करून द्या' म्हणजे नेमकं काय करायचं?

इंदापूर तालुक्यातल्या भवानीनगरच्या श्री छत्रपती साखर कारखान्याचं कार्यक्षेत्र बारामती तालुक्यातही आहे. अशा दोन तालुक्यांच्या भागातली ऊस नोंदणीची एक यादी समजा एखाद्या ऑपरेटरकडे आली. शेतकऱ्याचं नाव, गाव, गट नंबर, क्षेत्र, लागणीची तारीख. सोबत एवढाच निरोप: "डेटा क्लीन करून द्या."

बहुतेक जण आधी डुप्लिकेट शोधतात. एक्सेलमध्ये `Remove Duplicates` चालवताना फक्त नावाच्या रकान्यावर खूण केली, तर त्या नावाची पहिली ओळ राहते आणि बाकीच्या उडतात. पण एकाच शेतकऱ्याचा ऊस दोन गटांत असतो, कधी दोन गावांतही. उडालेली ओळ म्हणजे नोंदीतून गेलेला प्लॉट. नाव, गाव, गट आणि लागणीची तारीख हे सगळं जुळलं तरच ती दुबार नोंद असण्याची शक्यता, आणि तेव्हाही विचारूनच काढावी.

स्पेलिंगचंही तसंच. 'माळेगांव' आणि 'माळेगाव' एक करायला हरकत नाही. पण बारामती तालुक्यात माळेगाव बुद्रुक आणि माळेगाव खुर्द ही दोन वेगळी गावं आहेत. 'बु.' आणि 'खु.' म्हणजे टायपिंगचा कचरा नव्हे!

सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे तारीख. कॉम्प्युटरची सेटिंग अमेरिकन असेल, तर टाइप केलेली १५/०७/२०२४ ही तारीख एक्सेलला कळत नाही, कारण पंधरावा महिनाच नाही. ती नुसता मजकूर म्हणून रकान्यात डावीकडे चिकटून राहते. ०७/०८/२०२४ मात्र तो निमूटपणे ८ जुलै धरतो आणि उजवीकडे सरकवतो. एकाच रकान्यात काही तारखा डावीकडे, काही उजवीकडे दिसल्या की समजावं, उजवीकडच्या बिघडलेल्या असू शकतात. आडसाली लागण जुलै-ऑगस्टमध्येच होते, त्यामुळे हंगामावरूनही चूक पकडता येत नाही. तोडणीचा क्रम लागणीच्या तारखेवर ठरत असेल, तर ७ ऑगस्टची लागण महिनाभर पुढे घुसते आणि दुसऱ्या कुणाचा ऊस मागे पडतो. इथे मूळ कागदी नोंद पाहण्याला पर्याय नाही.

रिकामे रकाने शून्याने भरण्याची सवयही अशीच. क्षेत्र '०' म्हणजे ऊसच नाही. क्षेत्र रिकामं म्हणजे मोजणी लिहायची राहिली. रिकामं ते रिकामंच ठेवून त्या ओळींची वेगळी यादी द्यावी.

म्हणून काम सुरू करण्याआधी एक उलट मेसेज पाठवलेला बरा: "ही यादी कशासाठी हवी आहे? दुबार नोंदी काढायच्या की नुसत्या दाखवायच्या? तारखा मूळ नोंदीवरून कोण तपासणार?" उत्तर येईपर्यंत मूळ फाइलला हात न लावता तिच्या कॉपीवर काम करावं आणि बदललेली नावं शेजारच्या नव्या रकान्यात लिहावीत.