काचेच्या नळीतली पोकळी

सन 1767 मध्ये जिनिव्हाच्या ओरास-बेनेदिक्त द सोस्यूर या निसर्गशास्त्रज्ञाने काचेच्या झाकणांची एक पेटी उन्हात ठेवली आणि आत पाणी उकळण्याइतकी उष्णता जमते हे दाखवले. काच ऊन आत येऊ देते, आतली ऊब मात्र सहजासहजी बाहेर जाऊ देत नाही. एवढ्या एका गोष्टीपासून आपला मागोवा सुरू होतो. आज अन्वस्ताकार आरशाच्या लांबच लांब पन्हळीमध्ये, तिच्या नाभीवर जी शोषक नळी बसवलेली असते, तिच्याभोवतीचे काचेचे वेष्टन या पेटीचेच वंशज आहे. पेटीपासून नळीपर्यंत येताना प्रश्न मात्र एकच राहिला: तापलेल्या धातूतून उष्णता निसटते किती, आणि निसटल्यावर हाती उरते किती?

फ्रान्समधील गणिताचे शिक्षक ऑगुस्तँ मूशो यांनी 1860 च्या दशकात काच आणि आरसा एकत्र आणले. आरशाने ऊन तांब्याच्या काळ्या बाष्पकावर एकवटायचे आणि बाष्पकावर काचेचे आवरण घालायचे, अशी त्यांची रचना होती. त्यांच्या यंत्राची वार्ता आपल्याकडेही पोचली होती. मुंबईत विल्यम ॲडम्स या इंग्रज अधिकाऱ्याने मूशोंच्या आरशाऐवजी सपाट आरशांची रांग वापरून वाफेचा पंप चालवला आणि 1878 मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. पुढे पन्हळीला खरा आकार आला तो इजिप्तमध्ये. अमेरिकेचे फ्रँक शुमन यांनी 1912-13 मध्ये कैरोजवळच्या मादी येथे सुमारे 62 मीटर लांबीच्या पाच पन्हळी उभारल्या. आरसा अन्वस्ताकार ठेवावा ही सूचना इंग्रज भौतिकशास्त्रज्ञ चार्ल्स व्हर्नन बॉइज यांची. नाभीवरच्या बाष्पकावर काच होतीच. पण बाष्पकच आधी जस्ताचा होता. एकवटलेल्या उन्हात तो मऊ पडून लोंबू लागला आणि तो बदलावा लागला. शुमन यांची वाफ जेमतेम शंभर अंशांची होती. त्या तापमानाला काच आणि तिच्या आतली हवा एवढे संरक्षण चालून जाते. चारशे अंशांना ते चालत नाही.

याचे कारण 1879 मध्ये योझेफ स्टेफान यांनी मांडलेल्या नियमात आहे. प्रारणाने जाणारी उष्णता निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घाताने वाढते. हवेतून वहनाने आणि अभिसरणाने जाणारी उष्णता मात्र ढोबळमानाने तापमानातील फरकाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे नळी जितकी तापेल तितके प्रारण इतर वाटांना मागे टाकते. हवेच्या वाटेवर 1892 मध्ये जेम्स ड्यूअर यांनी उपाय शोधला. द्रवरूप वायू साठवण्यासाठी त्यांनी दोन भिंतींच्या मधली हवा काढून टाकलेले भांडे केले, तेच पुढे थर्मॉस म्हणून घराघरांत आले. ड्यूअर यांनी भिंतींवर चांदीचा मुलामा देऊन प्रारणही रोखले होते. पण सूर्याच्या नळीला चांदी लावली तर ऊनच परतून जाईल. ऊन पूर्ण गिळणारा आणि तरीही स्वतःची उष्णता न ओकणारा पृष्ठभाग कुठून आणायचा, या पेचाचे उत्तर यायला साठ वर्षांहून अधिक काळ लागला. ते 1955 मध्ये इस्रायलचे हॅरी टॅबर यांनी मांडले: सूर्यप्रकाशाला काळा, पण अवरक्त लहरींना चकचकीत धातूसारखा वागणारा निवडक लेप. दोन्ही प्रकारच्या लहरींची लांबी वेगळी असते, म्हणून हे साधते. माझ्या मते या साऱ्या वंशावळीत कलाटणीचा खरा क्षण हाच.

हे मत आपण आकड्यांवर तपासू. आजच्या प्रचलित नळीत 70 मिलिमीटर व्यासाची पोलादी नळी आणि तिच्याभोवती 115 मिलिमीटरची काच असते. पोलाद 400 अंश सेल्सिअसवर आहे, दोन्हींच्या मध्ये निर्वात आहे, लेपाची उत्सर्जकता 0.10 आहे आणि बाहेरची हवा 25 अंशांवर स्थिर आहे असे धरू. काचेचे तापमान आधी माहीत नसते, म्हणून ते अंदाजाने घ्यायचे. पोलादाकडून काचेला मिळणारी उष्णता आणि काच बाहेर टाकत असलेली उष्णता जुळेपर्यंत अंदाज बदलत जायचा. काच 60 अंशांवर धरली तर तिला दर मीटरला 239 वॉट मिळतात, पण ती बाहेर टाकते सुमारे 156. म्हणजे ती याहून गरम असणार. 75 अंशांवर दोन्ही बाजू सुमारे 235 वॉटवर जुळतात. हाच ऱ्हास. आता आरशाची रुंदी 5.77 मीटर, थेट ऊन दर चौरस मीटरला 900 वॉट आणि समोरून पडणारे धरले, तर दर मीटर लांबीवर सुमारे 5,193 वॉट पडतात. आरसा, काच आणि लेप यांच्यातून 75 टक्के पोचले तर 3,895. त्यातून 235 वजा केल्यावर कार्यक्षमता सुमारे 70 टक्के. याच निर्वात नळीवर साधा काळा रंग असता तर ऱ्हास 1,500 वॉटच्या आसपास जाऊन कार्यक्षमता 46 टक्क्यांवर घसरली असती.

हिशेबावर विसंबून न राहता मोजायचे कसे? अमेरिकेतील कोलोरॅडोच्या गोल्डन येथील राष्ट्रीय अक्षय ऊर्जा प्रयोगशाळेत यासाठी फार साधी युक्ती वापरली. नळी खोलीत ठेवायची, आत विजेचा तापक घालायचा आणि तापमान स्थिर झाल्यावर वीज किती लागते ते वाचायचे. स्थिर अवस्थेत घातलेली प्रत्येक वॉट वीज म्हणजे निसटलेली उष्णता. 2008 च्या PTR70 नळीसाठी तिथे हे सूत्र मिळाले:

```
HL = 0.141·T + 6.48×10⁻⁹·T⁴
```

T म्हणजे शोषक पोलादाचे तापमान सेल्सिअसमध्ये आणि HL म्हणजे दर मीटरचा ऱ्हास वॉटमध्ये. 300 अंशांना 95, 350 ला 147, 400 ला 222. शंभर अंशांत ऱ्हास दुपटीहून अधिक होतो. तापमान नळीतून वाहणाऱ्या तेलाचे नव्हे, पोलादाचे घ्यायचे हे विसरू नये. पोलाद तेलापेक्षा काही अंश अधिक गरम असते आणि ऱ्हास त्यावर ठरतो.

कॅलिफोर्नियाच्या मोहावे वाळवंटात 1984 ते 1990 या काळात लूझ कंपनीने पन्हळींचे एकूण 354 मेगावॉटचे नऊ प्रकल्प उभारले, आणि अशा नळ्यांचा खरा कस तिथे लागला. काच आणि धातू तापल्यावर सारखे प्रसरण पावत नाहीत, म्हणून त्यांच्या सांध्यावर ताण येतो आणि काच फुटते. त्याहून फसवा शत्रू आतून येतो. 400 अंशांजवळ तेल हळूहळू विघटित होते, त्यातला हायड्रोजन तापलेल्या पोलादातून झिरपतो आणि निर्वातात साचतो. नळीत त्याला शोषणारे गेटर ठेवलेले असतात, पण तेही भरून जातात. वायूची उष्णतावाहकता बऱ्याच मर्यादेपर्यंत दाबावर अवलंबून नसते, म्हणून हजारांश वातावरणाएवढा हायड्रोजनही पुरतो. त्यातून आपल्या उदाहरणातील ऱ्हास चौपट होऊन हजार वॉटच्या जवळ जातो आणि कार्यक्षमता 70 वरून 56 टक्क्यांवर येते. मंद ऊन असेल तर हानी आणखी कडू. ऊन 400 वॉट झाले तरी नळीचे तापमान तेच ठेवायचे असते, म्हणून ऱ्हासही तेवढाच राहतो: चांगल्या नळीत कार्यक्षमता सुमारे 65 टक्के, हायड्रोजन शिरलेल्या नळीत अवघी 32.

अशी नळी डोळ्यांना निरोगी दिसते. काच शाबूत, आरसा स्वच्छ, तेल वाहते. ओळख पटते ती काचेच्या तापमानावरून. स्थिर हवेत चांगल्या नळीची काच 75 अंशांच्या आसपास असते, तर हायड्रोजन साचलेल्या नळीची दीडशेच्या पुढे जाते, आणि अवरक्त कॅमेऱ्यात ती शेजारणींमध्ये उठून दिसते. म्हणूनच, एखाद्या सौर पन्हळीची कार्यक्षमता वाचताना दोन प्रश्न विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका: पोलादाचे तापमान किती होते आणि ऊन किती होते? आणि प्रकल्प काही वर्षे जुना असेल, तर तिसरा प्रश्न काचेच्या तापमानाचा.